मालकाची उचल: पगार, लाभांश की कंपनीतच शिल्लक?

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या मालकाला एक गोष्ट उशिरा उमगते. कारखाना आपला, घाम आपला, कर्जाला तारण ठेवलेलं घरही आपलं. पण बँकेत जमा झालेला पैसा मात्र आपला नसतो. तो कंपनीचा असतो. प्रोप्रायटर असताना गल्ल्यातून हवे तेव्हा पैसे उचलता येत होते. वर्षअखेरीला नफ्यावर एकदा कर भरला की विषय संपत असे. कंपनी झाली की तोच पैसा घरी न्यायला एखादी कायदेशीर वाट लागते, आणि प्रत्येक वाटेवर कराचा वेगळा नाका असतो.

त्यातल्या दोन वाटा मुख्य. एक, डायरेक्टर म्हणून पगार घेणं. दुसरी, भागधारक म्हणून लाभांश, म्हणजे डिव्हिडंड घेणं. यातली कोणती स्वस्त, हा प्रश्न दर मार्चमध्ये सीएच्या टेबलावर येतो. अनेक मालकांच्या डोक्यात अजूनही ‘डिव्हिडंडला कर नसतो’ हे वाक्य पक्कं बसलेलं आहे. ते एके काळी बऱ्याच अंशी खरंही होतं. लाभांश वाटण्यावर कंपनीच वेगळा कर भरत असे आणि भागधारकाच्या हातात तो करमुक्त येई. शेवटच्या काही वर्षांत फक्त दहा लाखांवरच्या लाभांशावर त्याला थोडा कर लागत होता. १ एप्रिल २०२० पासून ही पद्धत बंद झाली. आता लाभांश भागधारकाच्या इतर उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या स्लॅबप्रमाणे त्यावर कर लागतो.

दुसरा गोंधळ परदेशातून येतो. ब्रिटनमध्ये स्वतःची छोटी कंपनी काढून काम करणारा मराठी आयटीवाला सांगतो की पगार अगदी कमी दाखवायचा आणि बाकी सगळं डिव्हिडंडने घ्यायचं. त्याच्यापुरतं ते बरोबर असतं, कारण तिथे पगारावर नॅशनल इन्शुरन्सचा बोजा पडतो आणि लाभांशावर पडत नाही. आपल्याकडे पगारावर तसा वेगळा कर नाही. त्यामुळे लंडनचं गणित भोसरीत लावलं की उत्तर उलटं येतं.

शंभर रुपयांचा प्रवास

या लेखातले दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. बहुतेक छोट्या कंपन्यांनी २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडलेला असतो. त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरला की प्रत्यक्ष दर २५.१७ टक्के होतो. ज्यांनी तो निवडलेला नाही अशा छोट्या कंपन्यांना साधारण २६ टक्के पडतात. फरक किरकोळ आहे, म्हणून आपण पहिलाच दर धरू. मालक नव्या करप्रणालीत आहे आणि त्याचं उत्पन्न वरच्या, म्हणजे ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे असं समजू. उपकरासह त्याचा दर ३१.२ टक्के होतो.

कंपनीने शंभर रुपये कमावले आणि ते मालकाला पगार म्हणून दिले, तर तो कंपनीचा खर्च ठरतो. त्या शंभरावर कंपनीला कर नाही. मालक ३१.२० रुपये कर भरतो आणि त्याच्या हातात ६८.८० रुपये उरतात.

तेच शंभर रुपये लाभांश म्हणून द्यायचे असतील तर तो खर्च नाही, नफ्याची वाटणी आहे. आधी कंपनी २५.१७ रुपये कर भरते. उरलेले ७४.८३ रुपये मालकाकडे येतात आणि त्यावर तो पुन्हा ३१.२ टक्के भरतो. ते झाले २३.३५ रुपये. हातात पडतात ५१.४८. एकूण कर साडेअठ्ठेचाळीस टक्के.

मालकाचं उत्पन्न खालच्या स्लॅबमध्ये असलं तरी हा क्रम बदलत नाही. पगार एकाच नाक्यावरून जातो, लाभांश दोन नाक्यांवरून. पन्नास लाखांच्या वर उत्पन्न गेलं की अधिभार सुरू होतो आणि दोन्हींचा दर चढतो. दोन कोटींच्या वर लाभांशावरचा अधिभार १५ टक्क्यांवर थांबतो, पगारावरचा २५ पर्यंत जातो. तरीही पहिल्या नाक्यावरचा कर भरून निघत नाही. थोडक्यात, काम करणाऱ्या मालकाने स्वतःच्याच हातात पैसा घ्यायचा असेल, तर पगार आणि लाभांश यांच्यात बरोबरीची लढत नाहीच.

मग निवड कसली? खरी निवड आहे पगार आणि ‘कंपनीतच राहू दे’ यांच्यात. आणि लाभांशाची जागा त्यानंतर, काही ठरावीक प्रसंगी येते. एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू.

भोसरीचा कारखाना

समजा, भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशिनवर जॉबवर्क करणारी एक छोटी कंपनी आहे. जवळजवळ सगळे शेअर मालकाच्या नावावर, एखाददुसरा पत्नीच्या नावावर. मालकाला काहीही देण्याआधी कंपनीचा वर्षाचा नफा ४० लाख रुपये. मालकाला दुसरं उत्पन्न नाही.

पहिला पर्याय, पगार शून्य आणि सगळा नफा लाभांशाने. कंपनी १०.०७ लाख कर भरते. उरलेले २९.९३ लाख मालकाकडे येतात. त्यावर त्याचा कर ४.९७ लाख. दोन्ही मिळून १५.०४ लाख रुपये सरकारजमा, घरी २४.९६ लाख.

दुसरा पर्याय, चाळीसच्या चाळीस लाख पगार. कंपनीचा नफा शून्य, कर शून्य. मालकाला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, उरलेल्या ३९.२५ लाखांवर कर ७.८८ लाख. घरी ३२.१२ लाख. पहिल्या पर्यायापेक्षा ७ लाख १६ हजार जास्त.

इथे थांबणारे बरेच असतात. पण नव्या प्रणालीचे स्लॅब नीट पाहिले तर तिसरा पर्याय दिसतो. करपात्र उत्पन्नाचे पहिले ४ लाख करमुक्त आहेत. मग दर चार लाखांच्या पायरीला ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. उपकरासह २० टक्क्यांची पायरी २०.८ पडते, २५ ची २६ आणि ३० ची ३१.२. कंपनीचा दर आहे २५.१७. म्हणजे मालकाच्या करपात्र उत्पन्नाचे पहिले २० लाख कंपनीपेक्षा कमी दराने करपात्र होतात. २० ते २४ लाखांत जवळपास बरोबरी आहे. २४ लाखांच्या वरचा प्रत्येक रुपया मात्र मालकाच्या हातात ३१.२ टक्क्यांनी कापला जातो आणि कंपनीत ठेवला तर २५.१७ टक्क्यांनी.

म्हणून तिसरा पर्याय असा: पगार वर्षाला २४.७५ लाख. प्रमाणित वजावट जाऊन करपात्र २४ लाख, कर ३.१२ लाख, घरी २१.६३ लाख. महिन्याला सरासरी एक लाख ८० हजार रुपये. कंपनीत उरलेल्या १५.२५ लाख नफ्यावर कर ३.८४ लाख, आणि ११.४१ लाख कंपनीच्या खात्यात शिल्लक. एकूण कर ६.९६ लाख, म्हणजे सगळा पगार घेण्यापेक्षा सुमारे ९२ हजारांनी कमी.

या ९२ हजारांना एक अट चिकटलेली आहे. ते ११.४१ लाख कंपनीतच कामी यायला हवेत: नवं मशिन, कच्च्या मालाचा साठा, ओव्हरड्राफ्ट कमी करणं. पुढच्याच वर्षी मालकाने ते लाभांश म्हणून घरी नेले, तर त्यावर पुन्हा ३१.२ टक्के, म्हणजे ३.५६ लाख कर पडेल. एकूण कर साडेदहा लाखांवर जाईल आणि सुरुवातीलाच सगळा पगार घेतला असता तर बरं, असं वाटेल. जो पैसा दोन-तीन वर्षांत घराला लागणार हे दिसतंय, मुलीचं परदेशी शिक्षण किंवा फ्लॅटचं डाउन पेमेंट, तो लागेल तसा पगारातून नेणंच स्वस्त. जो धंद्यातच फिरणार आहे तो कंपनीत ठेवावा.

शिलकीचा आणखी एक फायदा कराच्या तक्त्यात दिसत नाही. पगाराने नफा शून्यावर आणलेली कंपनी बँकेत कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायला जाते, तेव्हा मॅनेजर ताळेबंदातली नेटवर्थ पाहतो. ती वाढायला नफा उरावा लागतो. उलट मालकाला स्वतःच्या नावावर गृहकर्ज हवं असेल तर त्याचा पगार आणि रिटर्न पाहिलं जातं. येत्या दोन वर्षांत कोणतं कर्ज आधी लागणार, यावरही पगाराचा आकडा हलतो.

लाभांशाची खरी जागा

लाभांश कुठेच कामाचा नाही, असं मात्र नाही. त्याचा हिशोब मालकाच्या हातात न करता घेणाऱ्याच्या हातात करावा लागतो. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या निवासी व्यक्तीला सूट मिळून कर शून्य होतो, आणि लाभांश हे त्या सुटीत बसणारं साधं उत्पन्न आहे. अशा भागधारकाकडे शंभरातले ७४.८३ रुपये पूर्ण पोचतात. वरच्या स्लॅबमधल्या मालकाच्या पगारातले ६८.८० पोचतात. इथे लाभांश जिंकतो.

अडचण एवढीच की लाभांश आपल्याला हव्या त्या माणसाकडे वळवता येत नाही. एकाच प्रकारच्या शेअरवर सगळ्यांना सारख्या दराने तो मिळतो. भोसरीच्याच कंपनीत थोडा बदल करू. वडील गेल्यावर ४० टक्के शेअर आईच्या नावावर आले, ६० टक्के मुलाचे. आई सत्तरीची, कारखान्यात जात नाही, तिचं दुसरं उत्पन्न थोडकं. मुलाने २४.७५ लाख पगार घेतला आणि उरलेले ११.४१ लाख लाभांश म्हणून जाहीर केले. आईला ४.५६ लाख मिळतात, त्यावर कर शून्य. मुलाला ६.८५ लाख मिळतात, त्यावर २.१४ लाख कर. कंपनीचे ३.८४ लाख धरून १५.२५ लाख नफ्यावर एकूण कर ५.९७ लाख, म्हणजे सुमारे ३९ टक्के. तोच नफा मुलाने पगार म्हणून घेतला असता तर कर ४.७६ लाख लागला असता.

निव्वळ कराच्या भाषेत लाभांशाने सव्वा लाखाचा तोटा झाला. हे दर धरले तर कमी उत्पन्नाच्या भागधारकांकडे साधारण तीन चतुर्थांश शेअर असतील, तेव्हाच लाभांश पगाराशी बरोबरी करतो. पण हा तोटा म्हणजे आईचा हक्क पोचवण्याची किंमत आहे. ४० टक्क्यांच्या मालकिणीला वर्षानुवर्षं काहीच मिळत नाही आणि सगळा नफा एका मुलाच्या पगारात जिरतो, इथूनच आपल्याकडच्या कितीतरी घरगुती कंपन्यांत भांडणं सुरू होतात. काम करणाऱ्याला कामाचा पगार आणि मालकी असणाऱ्याला मालकीचा लाभांश, हा हिशोब घरात सगळ्यांना पटतो. आईला लाभांश देताना कंपनी १० टक्के टीडीएस कापेल, कारण रक्कम वर्षाला १० हजारांच्या वर आहे. तिचं वय साठच्या पुढे आणि कर शून्य असल्याने ती आधीच फॉर्म १५एच देऊ शकते, किंवा रिटर्न भरून परतावा घेऊ शकते.

दुसरी जागा म्हणजे मालकाचा स्वतःचा उतारवय. तो कामातून बाजूला झाला, पगार थांबला आणि दुसरं उत्पन्न बेताचं राहिलं, तर इतकी वर्षं साठलेला नफा दरवर्षी १२ लाखांच्या आत बसेल एवढा लाभांशाने काढता येतो. दर असेच राहिले तर त्या पैशावर एकूण कर फक्त कंपनीने तेव्हा भरलेला २५.१७ टक्केच पडतो. अर्थात तोवर तो पैसा धंद्याच्या जोखमीत अडकलेला असतो. कंपनी बुडाली तर देणेकऱ्यांचा हक्क आधी.

भागधारक कमी उत्पन्नाचा व्हावा म्हणून शेअर पत्नीला बक्षीस देण्याची युक्ती चालत नाही. नवऱ्याने बक्षीस दिलेल्या शेअरवरचा लाभांश नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. पत्नीला पगार दिला तरी तेच. नवऱ्याचा कंपनीत २० टक्के किंवा जास्त हिस्सा असेल, तर तिचा पगार त्याच्या उत्पन्नात धरला जातो. अपवाद एकच: तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असावी आणि पगार निव्वळ त्या ज्ञानाच्या वापरासाठी असावा. कंपनीचे हिशोब खरोखर सांभाळणारी सीए पत्नी यात बसते, महिन्यातून एकदा चेकवर सही करणारी बसत नाही. सज्ञान मुलांना हा नियम लागू नाही, पण त्यांचा पगारही कामाला शोभेल असाच हवा.

पगार किती, हे कोण ठरवतं?

पगारच स्वस्त असेल तर तो हवा तेवढा का घेऊ नये? कंपनी कायद्यात प्रायव्हेट कंपनीच्या डायरेक्टरच्या मानधनावर नफ्याच्या टक्केवारीची मर्यादा नाही. ती पब्लिक कंपन्यांना आहे. अडवतो तो आयकर कायदा, आणि तो दोन बाजूंनी अडवतो.

पहिली बाजू: डायरेक्टर किंवा त्याच्या नातेवाइकाला दिलेली रक्कम बाजारभावाच्या मानाने अवाजवी वाटली तर अधिकारी तेवढी जादा रक्कम खर्च म्हणून नाकारू शकतो. जुन्या कायद्यातलं हे कलम ४०ए(२). दुसरी बाजू: जी रक्कम एरवी नफा किंवा लाभांश म्हणून मिळालीच असती, ती बोनस किंवा कमिशन म्हणून दिली तर तो खर्च मान्य होत नाही. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने २०११ मध्ये दलाल ब्रोचा स्टॉक ब्रोकिंग या कंपनीच्या प्रकरणात नेमकं हेच म्हटलं. तीन डायरेक्टर, तेच भागधारक, पगाराशिवाय प्रत्येकी ४० लाख कमिशन, आणि लाभांश काहीच नाही. कमिशनसाठी जादा काम केल्याचं दिसलं नाही, तेव्हा १.२० कोटींचा खर्च नाकारला गेला. त्याच सुमारास दिल्ली उच्च न्यायालयाने एएमडी मेटप्लास्टच्या प्रकरणात व्यवस्थापकीय संचालकाचं कमिशन मान्य केलं, कारण ते त्याच्या नेमणुकीच्या अटींत आणि त्याच्या कामाच्या बदल्यात होतं. दोन निकालांमधला फरक आकड्याचा नव्हता, कारणाचा होता.

नाकारणं महाग का पडतं, तेही पाहू. १० लाखांचा पगार अवाजवी ठरला तर मालकाने त्यावर ३.१२ लाख आधीच भरलेले असतात, ते परत मिळत नाहीत. वर कंपनीला त्याच १० लाखांवर २.५२ लाख आणि व्याज भरावं लागतं. एकूण ५६ टक्क्यांच्या वर. साधा लाभांश घेतला असता तर साडेअठ्ठेचाळीस लागले असते.

मालक कंपनीपेक्षा चढ्या दराने कर भरत असेल तर यात करचुकवेगिरी कुठे, हा मुद्दा अपिलात मांडला जातो आणि काही वेळा मान्यही होतो. पण अपिलापर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणून कागद आधी तयार हवेत. सगळ्यात उपयोगी प्रश्न असा: उद्या मी आजारी पडलो आणि माझ्या जागी माणूस ठेवायचा झाला, तर त्याला किती द्यावे लागतील? चाकण-भोसरीत प्लांट हेडला काय मिळतं, विक्री, डिझाइन आणि बँकेची कामं सांभाळायला किती माणसं लागतील, याचा अर्ध्या पानाचा तपशील फाइलला असावा. मालक तीन माणसांची कामं एकटा करत असेल तर ते तिथे लिहिलेलं असावं.

मग वर्षाच्या सुरुवातीला बोर्डाचा ठराव आणि नेमणुकीचं पत्र. पगार दरमहा बँकेतून, दरमहा टीडीएस कापून, शेवटी फॉर्म १६. यातली शिस्त जीएसटीतही कामी येते. नोकरीच्या करारातला आणि पगाराप्रमाणे टीडीएस कापलेला डायरेक्टरचा पगार जीएसटीच्या बाहेर आहे. २०२० च्या जूनमधल्या परिपत्रकाने ते स्पष्ट केलं. पण तीच रक्कम ‘डायरेक्टर फी’ म्हणून खर्ची टाकली तर कंपनीला त्यावर रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी भरावा लागतो.

संशय कुठे येतो हे वहीतच दिसतं. अकरा महिने पगार ५० हजार आणि मार्चमध्ये एकदम १५ लाख, नेमका नफा शून्य करणारा आकडा; ठरावाची तारीख ३१ मार्च. हा पगार नफा पाहून ठरवलाय, काम पाहून नव्हे, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

मधली चुकीची वाट

पगारही नको, लाभांशही नको, कंपनीतून थोडे पैसे उचलू आणि नंतर परत करू, असं म्हणणारे मालक सर्वांत जास्त अडकतात. दहा टक्के किंवा अधिक मतांचे शेअर असलेल्या भागधारकाला अशा कंपनीने कर्ज किंवा उसने पैसे दिले, तर साठलेल्या नफ्याइतक्या रकमेपर्यंत ते लाभांश मानले जातात. जुन्या कायद्यातलं कलम २(२२)(ई). मालकाने मुलीच्या प्रवेशासाठी ६ लाख उचलले आणि सहा महिन्यांनी परत केले, तरी ज्या वर्षी उचलले त्या वर्षी ते त्याचं उत्पन्न धरलं जातं. वरच्या स्लॅबमध्ये १ लाख ८७ हजार कर. परतफेडीने कर परत येत नाही. कंपनीने टीडीएस कापलेला नसतो, तो दोष वेगळा. डायरेक्टरला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याची बंधनं आहेत, ती आणखी वेगळी.

हे ओळखायचं सोपं ठिकाण म्हणजे ट्रायल बॅलन्समधलं डायरेक्टरचं चालू खातं. तिथे जमा शिल्लक असेल, म्हणजे मालकाने पूर्वी कंपनीला दिलेले पैसे येणे असतील, तर ते परत घेण्यावर कर नाही. आपलंच मुद्दल परत येतं. अशी शिल्लक असेल तर घरी पैसे न्यायची सर्वांत स्वस्त वाट तीच, आणि ती आधी वापरावी. पण खातं नावे शिल्लक दाखवत असेल, म्हणजे मालक कंपनीचं देणं लागत असेल, तर मार्चची वाट न पाहता सीएशी बोलावं.

कारखान्याची जागा मालकाच्या नावावर असेल तर भाडं हीही चांगली वाट आहे. कंपनीला पूर्ण भाडं खर्च मिळतं आणि मालकाला त्यातल्या ३० टक्क्यांची सरसकट वजावट, म्हणजे वरच्या स्लॅबमध्येही कर २२ टक्क्यांच्या आत. भाडं मात्र आजूबाजूच्या शेडच्या दराचं असावं, आणि जीएसटी-टीडीएसचा हिशोब आधी करावा.

एप्रिलमधला क्रम

लाभांश द्यायचा ठरलाच तर त्याचीही शिस्त आहे. मागच्या वर्षांचा तोटा आणि घसारा भरून निघाल्याशिवाय तो जाहीर करता येत नाही. त्यामुळे नुकत्याच तोट्यातून वर आलेल्या कंपनीला ही वाट बंदच असते. अंतरिम लाभांश बोर्ड देतं, अंतिम लाभांशाला वार्षिक सभेची मंजुरी लागते. जाहीर झाल्यापासून पाच दिवसांत रक्कम वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते आणि तीस दिवसांत भागधारकांना पोचवावी लागते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे जुने क्रमांक बदलले. वर दिलेले जुने क्रमांक सीएला ओळखीचे आहेत, म्हणून ठेवले आहेत. दर कधीही हलू शकतात. तेव्हा पक्के धरायचे ते आकडे नाहीत, त्यांची तुलना करायची पद्धत आहे.

ती पद्धत अशी. एप्रिलमध्ये आधी चालू खात्यात मालकाची काही जमा शिल्लक आहे का ते बघावं. मग घराला वर्षभरात किती लागेल त्याचा आकडा काढावा आणि मालकाच्या कामाची बाजारातली किंमत त्याच्याशेजारी लिहावी. पगार त्या किमतीच्या आत ठेवावा. घराची गरज कमी असेल, तर मालकाच्या शेवटच्या रुपयावरचा कर कंपनीच्या दराला ओलांडतो तिथे पगार थांबवावा. आजच्या दरांनी ती रेघ २४ लाखांच्या आसपास आहे. उरलेला नफा धंद्याला लागत असेल तर कंपनीत ठेवावा. आणि त्यानंतरही वाटण्याजोगं काही राहिलं, किंवा घरात काम न करणारा भागधारक असेल, तेव्हा लाभांशाचा विचार करावा. घराची गरजच कामाच्या किमतीपेक्षा मोठी असेल, तर वरची रक्कम लाभांशाने घेऊन साडेअठ्ठेचाळीस टक्के भरणं परवडतं. ती पगारात कोंबली आणि नाकारली गेली तर छप्पन्न लागतात.